अननसाचा काहीच दोष नव्हता, हे मला माहीत आहे. मग सहा वर्षांनंतरही वास का सहन होत नाही?

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज मांडते आहे.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मैत्रिणीकडे आम्ही आठ जण जेवायला होतो. भात, बटाट्याची भाजी, काकडी आणि शेवटी अननसाचे थंड काप. अननस मी त्याआधी फार तर दोन-तीनदा खाल्ला असेल. त्या दिवशी आवडला म्हणून दोनदा घेतला. एकच्या सुमारास जेवण झालं. साडेपाचला मळमळायला लागलं आणि सहापासून पहाटेपर्यंत उलट्या. प्रत्येक उलटीत तो आंबटगोड वास नाकातून येत होता.

खरी गोष्ट पुढे आहे. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिला शुक्रवारी रात्रीपासून उलट्या होत होत्या आणि तिचं सगळं मीच साफ करत होते. जेवायला आलेल्या बाकी सात जणांना काहीही झालं नाही. नवरा त्या जेवणाला आलाच नव्हता, त्याने अननसाला हातही लावला नव्हता, तरी सोमवारी रात्री तोही आडवा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, घरात पोटाचा विषाणू फिरतोय. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

तरी आज कुणी शेजारच्या टेबलावर अननस कापला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ते चवीचं नाही, उलटीच्या आधी सुटतं तसलं. घशाशी येतं. त्या मैत्रिणीकडे मी नंतर पन्नासदा जेवले असेन, तिथे काही होत नाही. भात तर रोज खाते. मग हा एक वासच का चिकटून बसला? आणि खरं कारण माहीत असूनही तो का सुटत नाही?

---

ओलीमाती

पावलोवच्या कुत्र्याचं आहे हे. घंटा वाजली की खाणं, म्हणून पुढे नुसत्या घंटेने लाळ. तुमच्या बाबतीत अननस ही घंटा आणि उलटी हे पुढचं. दोन गोष्टी एकत्र घडल्या की मन त्यांची सांगड घालतं. मनाने घातलेली गाठ मनानेच सुटते. रोज स्वतःला बजावा की अननस निर्दोष आहे. जाईल हळूहळू.

---

कडूलिंब

ताई, आधी ॲलर्जीची तपासणी करून घ्या. माझं कोळंबीचं असंच होतं. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा अंगभर गांध्या उठल्या आणि ओठ सुजले. तेव्हापासून बंद. शरीर इशारा देत असेल तर तो ऐकावा, उगाच प्रयोग करू नयेत.

---

घड्याळ

ओलीमाती, मला एक अडचण दिसते. पावलोवच्या प्रयोगात घंटा आणि खाणं यांत काही क्षणांचं अंतर असायचं, आणि जोडी पुन्हा पुन्हा द्यावी लागायची. इथे एकच्या अननसाला साडेपाचची मळमळ चिकटली, तीही एकाच खेपेत. मधल्या साडेचार तासांत या ताईंनी शंभर गोष्टी केल्या असतील. चहा प्यायला असेल, गाडीत बसल्या असतील, कुणाशी फोनवर बोलल्या असतील. त्यांतली एकही गोष्ट चिकटली नाही. असं का?

---

सप्तर्षी

घड्याळ यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी काही वर्षं उंदरांच्या वर्तनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत होतो आणि हाच विषय रोज हाताळत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओलीमाती म्हणतात तसं हे सांगड घालणंच आहे. पण या सांगडीचं घड्याळ वेगळं आणि तिची निवडही वेगळी. हे पहिल्यांदा ठसठशीत दाखवलं जॉन गार्सिया यांनी. ते किरणोत्साराचा उंदरांवर काय परिणाम होतो ते पाहत होते. किरणांच्या खोलीत उंदीर पाणी कमी पितात, हे त्यांच्या लक्षात आलं. नेहमीच्या पिंजऱ्यात काचेच्या बाटल्या होत्या आणि किरणांच्या खोलीत प्लॅस्टिकच्या. प्लॅस्टिकची हलकी चव पाण्यात उतरत होती आणि किरणांनी पोट बिघडत होतं. उंदरांनी दोष चवीला दिला. मग १९५५ मध्ये त्यांनी सॅकरीनचं गोड पाणी आणि गॅमा किरण यांची जोडी लावून हेच मुद्दाम करून दाखवलं. एरवी उंदरांना फार आवडणारं गोड पाणी ते टाळायला लागले, आणि तेही एकाच खेपेत.

बाकी काहीच का चिकटलं नाही, या घड्याळ यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये केलेला प्रयोग. उंदीर नळी चाटायचा तेव्हा तीन गोष्टी एकदम व्हायच्या: पाणी गोड लागायचं, दिवा लुकलुकायचा आणि टकटक आवाज यायचा. काही उंदरांना नंतर मळमळ आणली आणि काहींना पायाला विजेचा झटका दिला. पुढे गोड चव आणि दिवा-आवाज वेगवेगळे करून पाहिले. मळमळ झालेल्यांनी गोड पाणी सोडलं, पण दिवा-आवाजाच्या साध्या पाण्याचं त्यांना काही वाटलं नाही. झटका बसलेल्यांचं अगदी उलट झालं. म्हणजे पोट बिघडलं की शरीर तोंडातून काय आत गेलं तेवढंच तपासतं. मैत्रिणीचं घर, गाडी, फोन हे त्या चौकशीत येतच नाहीत.

वेळेचं म्हणाल, तर पुढे इतरांनी चव आणि आजार यांच्यात कित्येक तास जाऊ दिले, तरी उंदीर शिकले. बारा तासांच्या अंतरानेसुद्धा थोडाफार परिणाम दिसला. याला कारण आहे. बिघडलेलं खाणं पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला तास लागतातच. क्षणांच्या हिशोबाने शिकणारा प्राणी विष कधीच ओळखू शकला नसता.

---

घड्याळ

हे पटलं. पण मग भात आणि बटाटाही तोंडातूनच गेले होते. चौकशीत ते कसे सुटले?

---

सप्तर्षी

ओळखीचे म्हणून सुटले. भात खाऊन काही झालं नाही असे हजारो दिवस ताईंच्या शरीराकडे जमा आहेत, अननसाच्या खात्यावर दोन-तीनच. जी चव आधी पुष्कळदा निर्धोक ठरली आहे, तिच्यावर ठपका ठेवायला शरीर फार नाखूश असतं. उंदरांमध्ये हे सहज दिसतं. आधी काही दिवस गोड पाणी पाजून ठेवलं आणि मग मळमळ आणली, तर घृणा बसते पण कमकुवत. अननस त्या ताटातला सगळ्यात नवा, सगळ्यात ठसठशीत आणि शेवटी खाल्लेला पदार्थ होता. तिन्ही गोष्टी त्याच्या विरोधात गेल्या.

विषाणूचं गणितही बघा. उलट्यांचा नेहमीचा विषाणू अंगात शिरल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण १२ ते ४८ तास घेतो. शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ हे त्यात बरोबर बसतं आणि नवऱ्याचा सोमवारही बसतो. तुमचं निदान अचूक आहे. फक्त हा हिशोब मेंदूच्या ज्या भागाने केला, त्याच्याकडे हा खटला नव्हताच.

---

रानवारा

मध्येच विचारतो. ज्यांना पिऊन भयंकर उलट्या होतात ते पुढच्या आठवड्यात परत पितातच ना? त्यांना का नाही बसत घृणा?

---

सप्तर्षी

बऱ्याच जणांना बसते, पण ती त्या एका पेयाची असते. रम पिऊन हाल झालेला माणूस वर्षानुवर्षं रमच्या वासाने तोंड फिरवतो आणि बिअर आरामात पितो. घृणा चवीला आणि वासाला चिकटते, आतल्या अल्कोहोलला नाही. आणि जो रोज तेच पितो त्याच्यासाठी ते भातासारखं ओळखीचं झालेलं असतं.

---

ओलीमाती

सप्तर्षी, छान समजावलंत. वेळेचं माझं चुकलं, मान्य. पण मनाची गाठ मनाने सुटते यावर मी ठाम आहे. माणूस उंदीर नाही, त्याला कारण समजतं. कारण समजल्यावर भीती जाते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. लहानपणी अंधाराची भीती होती, ती अशीच गेली.

---

निळीशाई

ओलीमाती, मला अननसाची भीती वाटत नाही हो. तो विषारी आहे असं क्षणभरही वाटत नाही. मुलीला मी स्वतः कापून देते, नाकाला रुमाल बांधून. तो मला *वाईट* लागतो. सडलेल्या वस्तूचा वास यावा तसा येतो. कारण तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

---

सप्तर्षी

ताईंनी आत्ता जो फरक सांगितला, तोच कडूलिंब यांच्या उदाहरणातही आहे. कडूलिंब, एक विचारू का? समजा उद्या डॉक्टरांनी खात्री दिली की आता कोळंबी खाऊन तुम्हाला काही होणार नाही. खाल?

---

कडूलिंब

लगेच! वास आला की अजून जीभ चाळवते माझी. घरी इतर जण खातात तेव्हा मी नुसता बघत बसतो.

---

सप्तर्षी

बघा. तुम्हाला कोळंबी धोक्याची वाटते पण चविष्टच वाटते. ताईंना अननस सुरक्षित वाटतो पण किळसवाणा. मार्सिया पेल्शा आणि पॉल रोझिन यांनी १९८२ मध्ये लोकांच्या अशा अनुभवांची छाननी केली. ज्यांना एखाद्या पदार्थाने गांध्या उठल्या, श्वास लागला, ते तो पदार्थ टाळत, पण त्यांची आवड शाबूत असे. मळमळ आणि उलटी झालेल्यांची मात्र आवडच उलटत असे. इतर त्रास माणसाला सावध करतात, मळमळ चवच बदलून टाकते.

(कडूलिंब, तुमचे ओठ सुजले होते ही गंभीर गोष्ट आहे. तुम्ही टाळताय ते योग्यच. मी पुढे जे लिहीन ते ॲलर्जी असलेल्या कुणीही स्वतःवर करून पाहू नये.)

उंदराचा चेहरा पाहिला तर हे डोळ्यांनी दिसतं. आवडीचं गोड पाणी तोंडात सोडलं की तो जीभ बाहेर काढून पंजे चाटतो. त्याच पाण्याशी मळमळ जोडली गेली की तो जबडा वासतो, हनुवटी जमिनीला घासतो, पाणी तोंडाबाहेर गळू देतो. कडू औषध दिल्यावर करतो तेच सगळं. पाणी तेच, गोडीही तीच. विजेच्या झटक्याला घाबरलेला उंदीर पाण्यापासून दूर राहतो, पण असा चेहरा करत नाही.

ओलीमाती, समजुतीबद्दल. उंदरांना चव दिल्यावर भूल देऊन, बेशुद्धीतच किरण दिले तरी ते शिकले. शिकण्याच्या वेळी जो जागाच नव्हता, त्याची समजूत पुढे कशी घालणार? माणसाचंच उदाहरण हवं तर मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांचं आहे. एका विशिष्ट सॉसचं जेवण झालं आणि त्याच रात्री त्यांना उलट्या झाल्या. तेच जेवलेली पत्नी ठणठणीत होती आणि सोबत काम करणारा सहकारी त्याच आजाराने आडवा झाला होता. जो स्वतः शिकण्याच्या प्रक्रियेवर संशोधन करत होता, ज्याला सॉस निर्दोष आहे हे पक्कं कळलं, त्याचीही घृणा नुसत्या कळण्याने गेली नाही.

---

परतवाट

मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईची केमोथेरपी झाली. प्रत्येक वेळी जायच्या आधी मी तिच्यासाठी मशरूमचं सूप करायचे. तिला सगळ्यात आवडायचं म्हणून, तेवढंच बरं वाटावं म्हणून. तिसऱ्या वेळी तिने वाटी बाजूला सारली. पुढे तर सूप चुलीवर असलं की खोलीचं दार लावून घ्यायची. मला वाटलं माझ्या हातचं आवडेनासं झालं. आता ती बरी आहे, पण ते सूप आमच्या घरातून कायमचं गेलं. आज कळतंय की ते मीच तिच्यापासून तोडलं.

---

सप्तर्षी

परतवाट, तुम्ही काही तोडलं नाहीत. औषधाने मळमळ आणली आणि त्याआधीची ठसठशीत चव सूपची होती, एवढंच. ओळखीच्या, आवडत्या पदार्थाचं खातं मोठं असतं खरं, पण पुन्हा पुन्हा आणि तीव्र मळमळ झाली की तेही रिकामं होतं.

हे मुलांमध्ये तपासलं गेलंय. इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना औषधाच्या आधी एका अनोळखी चवीचं आईस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी तेच आईस्क्रीम किंवा खेळ यांतून एक निवडायला सांगितलं तेव्हा त्यांच्यापैकी जेमतेम पाचात एकाने आईस्क्रीम घेतलं. ज्यांना आईस्क्रीमच्या जोडीने तसलं औषध मिळालं नव्हतं, त्यांच्यात सुमारे दोन तृतीयांश मुलांनी घेतलं. आपल्याला औषधाने उलट्या होतात हे मोठ्या मुलांना नीट माहीत होतं. उपयोग झाला नाही.

याच कामातून पुढे एक उपाय निघाला. जेवण आणि औषध यांच्यामध्ये एखादी तीव्र, अनोळखी चवीची गोळी चघळायला द्यायची. ठपका त्या गोळीवर जातो आणि जेवणातले पदार्थ बरेचसे वाचतात. गोळीची चव अशी निवडायची की ती कायमची गेली तरी कुणाला हळहळ वाटणार नाही. कुणाच्या घरी आता उपचार चालू असतील तर डॉक्टरांशी हे जरूर बोला. मळमळ रोखणारी औषधं आता पूर्वीपेक्षा खूप चांगली आहेत, ती वेळेवर घेणं हा पहिला बचाव. आणि आवडीचं खास काही करायचं असेल तर औषधाच्या दिवशी नको, मधल्या बऱ्या दिवसांत करा.

---

परतवाट

हे कुणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं. धन्यवाद.

---

चिमणपाखरू

सप्तर्षी दादा, तुम्ही आत्तापर्यंत सगळं चवीचं सांगितलंत. ताईंचा प्रश्न वासाचा आहे. माझ्या मुलाचंही वासाचंच आहे. अंडं उकडताना वास आला तरी तो स्वयंपाकघरात येत नाही, तोंडात घ्यायची गोष्टच नको. वास तर हवेत सगळीकडे असतात. त्या दिवशी ताईंनी साबणाचा वास घेतला असेल, फिनेलचा घेतला असेल. ते का नाही चिकटले?

---

सप्तर्षी

या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

नुसता वास आणि काही वेळाने मळमळ अशी जोडी लावली, तर उंदीर फारसं शिकत नाहीत. वास या बाबतीत जवळजवळ दिव्या-आवाजासारखा वागतो. पण तोच वास चवीबरोबर तोंडात गेला, की चित्र पालटतं. रुसिनिॲक, गार्सिया आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये बदामाचा वास वापरून हे दाखवलं. नुसत्या बदामवासाच्या पाण्यानंतर आजार आणला तर वासाची घृणा बेताचीच बसली. बदामवासाच्या पाण्यात सॅकरीन घालून मग आजार आणला आणि नंतर फक्त वासाची परीक्षा घेतली, तर घृणा जबरदस्त. म्हणजे चव वासाचा हात धरून त्याला आत घेऊन जाते. एकदा आत गेला की वास चवीइतकाच पक्का बसतो, कधी चवीपेक्षाही.

आणि हे माणसाला फार लागू पडतं, कारण आपण ज्याला अननसाची चव म्हणतो ती बरीचशी वासच असते. चघळताना वाफ घशाच्या मागून नाकात चढते. जिभेला कळतं ते फक्त आंबट आणि गोड. ताईंनी लिहिलंय की प्रत्येक उलटीत वास नाकातून येत होता. तो याच मागच्या वाटेने. साबणाचा वास पुढून आला, तोंडात काही नव्हतं, म्हणून तो सुटला.

शरीराच्या दृष्टीने यात शहाणपण आहे. चव कळायला घास तोंडात घ्यावा लागतो, वास लांबूनच कळतो. पहारा दारावर बसवण्यापेक्षा फाटकावर बसवलेला बरा.

ताई, तुमची तयारी असेल तर एक साधी गोष्ट करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरून अननसाचा वाटाण्याएवढा तुकडा जिभेवर ठेवा. नाक सोडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

---

निळीशाई

काल रात्री केलं. नवऱ्याने तुकडा कापला, मी दुसऱ्या खोलीत नाक धरून बसले होते. जिभेवर ठेवला. थंड, आंबटगोड, थोडा चरचरीत. चावला. धागे लागले दाताला. आणि काहीच झालं नाही! लिंबू-साखरेचं पाणी वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा अननस तोंडात होता आणि पोट शांत होतं.

मग अर्धा सेकंद नाक सोडलं. वास मागून चढला, पोटातून उसळी आली आणि मी बेसिनकडे धावले. उलटी झाली नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे माझं भांडण जिभेशी नाहीच, सगळं नाकात आहे.

---

घड्याळ

हे वाचून अंगावर काटा आला. पण आता मला नवा प्रश्न पडलाय. ताईंनी रोज असंच नाक धरून खाल्लं, तर वासाची घृणा कमी होईल का? की वास स्वतंत्रपणे बसलाय आणि त्याला वेगळंच समजवावं लागेल?

---

सप्तर्षी

यावर संशोधकांचंच एकमत नाही. एक बाजू म्हणते की वास चवीला बांधलेला आहे आणि चव आजाराला, म्हणजे ही साखळी आहे. चवीची कडी सैल केली की वासही सैल व्हायला हवा. दुसरी बाजू म्हणते की चवीने वासाला एकदा आत नेलं की तो थेट आजारालाच जोडला जातो. मग चव निवळली तरी वास तसाच राहील. उंदरांवर दोन्ही बाजूंचे निकाल मिळालेत. काही प्रयोगशाळांना तर चवीशिवाय, नुसता पाण्यातून प्यायलेला वासही चांगला चिकटलेला दिसला, त्यामुळे १९७९ चं चित्रही वाटतं तेवढं स्वच्छ नाही.

माझं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं. ताईंच्या प्रयोगात जीभ मोकळी निघाली आणि नाक अडकलेलं, म्हणून मी वासावर थेट काम करा असंच सुचवेन.

ते असं. पोट पूर्ण बरं असेल त्याच दिवशी. बंद डब्यात अननसाचा तुकडा ठेवायचा आणि डबा हातभर अंतरावर उघडायचा. उसळी यायच्या *आधी* बंद करायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मळमळ झाली तर तो धडा पुन्हा गिरवल्यासारखं होतं. थंड वस्तूचा वास कमी उडतो, म्हणून सुरुवात बर्फासारख्या गोठलेल्या तुकड्याने. तो जमला की मग नेहमीच्या तापमानाचा. अंतर कमी करत न्यायचं आणि खाणं सगळ्यात शेवटी. प्रवासात, तापात, गरोदरपणात, पित्त झालेलं असताना अजिबात नाही.

चिमणपाखरू, मुलाला अंडं जबरदस्तीने भरवू नका. कोंबताना ओकारी आली की घृणा आणखी पक्की होते. अंड्यातून मिळतं ते दुसऱ्या पदार्थांतूनही मिळतं.

---

चिमणपाखरू

त्याचे बाबा 'संपवल्याशिवाय उठायचं नाही' म्हणतात. आज त्यांना हा धागा वाचायला देते.

---

ओलीमाती

मीही माझं थोडं बदलतो. समजावून जात नाही, हे कळलं. पण डबा उघडायला बसायचं धैर्य तरी समजुतीनेच येतं ना? ताईंना माहीत नसतं की अननस निर्दोष आहे, तर त्यांनी नाक धरून तो तोंडात घेतलाच नसता.

---

सप्तर्षी

हे मात्र शंभर टक्के मान्य.

---

निळीशाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

पहिले चार दिवस गोठलेला तुकडा हातभर अंतरावरून, तीन-चार श्वास. मग वीतभर. दहाव्या दिवशी साधा तुकडा नाकाखाली धरला. वास वाईटच आला, पण घशाशी काही आलं नाही. परवा नाक न धरता एक फोड चावून थुंकली. काल दुसरी गिळली. आवडली नाही. पण 'सडलेलं' वाटलं नाही, नुसतं नकोसं वाटलं. मुलगी टेबलावर समोर बसून प्रत्येक वेळी श्वास मोजत होती.

आणि आज सकाळी लिफ्टमध्ये शिरले तर कुणीतरी अननसाच्या वासाचं फवारणीचं काहीतरी मारलेलं. दार बंद झालं आणि सगळं परत आलं, अगदी पहिल्यासारखं. दोन मजले आधीच उतरून जिन्यात बसले. तीन आठवडे वाया गेले का?

---

सप्तर्षी

नाही. जुनं शिक्षण पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिक्षण बसतं. आणि हे नवं फार जागा धरून असतं. तुम्ही ते घरच्या टेबलावर, दिवसाच्या ठरलेल्या वेळी, मुलगी समोर असताना शिकलात. लिफ्टमध्ये त्यातलं काहीच नव्हतं, म्हणून तिथे जुनंच वर आलं. प्रयोगशाळेतही पिंजरा बदलला की हेच होतं, आणि नुसता बराच काळ मध्ये गेला तरी होतं.

दोन दिवस काही करू नका. मग परत हातभर अंतरापासून सुरुवात करा, पण या वेळी जागा बदलत राहा: बाल्कनी, जिना, ऑफिसची खिडकी. मोकळ्या हवेत आधी, बंद जागेत सगळ्यात शेवटी. मुलगी कधी सोबत, कधी नाही. या वेळी तुम्ही पहिल्यापेक्षा लवकर पुढे जाल असं मला वाटतं. अननस एक दिवस आवडेल का, ते मात्र मी सांगू शकत नाही.

---

निळीशाई

आवडला नाही तरी चालेल. लिफ्टमधून पाचव्या मजल्यापर्यंत जाता आलं पाहिजे. रविवारी बाल्कनीपासून सुरू करते.

---

परतवाट

ताई, मीही काल आईला विचारलं. मशरूम बंद डब्यात, गोठवलेले, हातभर अंतरावर. ती म्हणाली, "सूप नको, पण डबा आण."